पंप किती पाणी देईल, हे पाइप ठरवतो

‘पाच एचपीची मोटर किती पाणी देते?’ तालुक्याच्या गावी पंपांच्या दुकानात हा प्रश्न दिवसातून कितीदा तरी विचारला जातो. दुकानदार पत्रक बघून एक आकडा सांगतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो विचारणाऱ्याच्या शेतावरचाही नसतो. तोच पंप एका शेतात सेकंदाला सात लिटर पाणी देतो आणि बांधापलीकडच्या शेतात चार लिटरही देत नाही. दोन्ही पंप चांगले असतात, दोन्ही मोटरी धडधाकट असतात. फरक असतो तो पाणी किती चढायचे आहे आणि कोणत्या पाइपातून जायचे आहे, यात. पंप किती पाणी देऊ शकतो हे त्याच्या कर्व्हवर लिहिलेले असते; त्यातले किती तो खरोखर देईल, हे आपली लाइन ठरवते.

हा कर्व्ह वाचायला इंजिनिअर असावे लागत नाही. दहावीत आलेखाच्या कागदावर ठिपके जोडून रेषा काढता येत होती, तेवढे पुरते.

विहिरीवर बसवतात त्या नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल मोनोब्लॉक पंपाचे पत्रक हातात घ्या. त्यावर आडव्या अक्षावर डिस्चार्ज असतो, म्हणजे सेकंदाला किती लिटर पाणी. उभ्या अक्षावर हेड असते, म्हणजे पंप ते पाणी किती मीटर उंच चढवू शकतो. डावीकडून निघालेली रेषा आधी जवळजवळ सपाट जाते आणि मग उतरू लागते. अर्थ सरळ आहे. पंप पाणी खूप उंच चढवील, पण थोडे. किंवा भरपूर देईल, पण कमी उंचीवर. दोन्ही एकदम मागता येत नाही. इम्पेलर मिनिटाला साधारण २,९०० फेरे घेत पाण्याला बाहेर फेकतो. आतून जाणारे पाणी जसजसे वाढते तसतसे मागे वळलेल्या पात्यांमधून सुटताना त्याला मिळणारी गिरकी कमी होते, शिवाय पंपाच्या पोटातले घर्षणही वाढते. म्हणून रेषा उतरते.

एक पंप उदाहरणाला घेऊ. पाच एचपी, म्हणजे ३.७ किलोवॅट. पाटीवर लिहिले आहे: हेड ३२ मीटर, डिस्चार्ज सेकंदाला ७ लिटर. या वर्गातल्या बऱ्याच पंपांचे आकडे याच्या आसपास असतात. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, म्हणजे पाणी शून्य, तर हा पंप ४२ मीटर हेड तयार करतो. याला शट-ऑफ हेड म्हणतात आणि कर्व्ह तिथूनच सुरू होतो. पाटीवरचे ३२ मीटर आणि ७ लिटर हा त्या रेषेवरचा एकच ठिपका आहे. त्या ठिपक्यावर पंपाची कार्यक्षमता सर्वांत चांगली असते, म्हणून कंपनी तो पाटीवर छापते. पंप आपल्या विहिरीवर त्याच ठिपक्यावर चालेल, असे कोणीही वचन दिलेले नसते.

आता शेताकडे वळू. ओढ्याकाठी विहीर आहे आणि माळावर हौद आहे. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून हौदात पाणी पडते त्या तोंडापर्यंतची उभी उंची २२ मीटर. मधे ५०० मीटर पीव्हीसी पाइप, ७५ मिलिमीटरचा, ज्याला सगळे अडीच इंची म्हणतात. ७५ हा बाहेरचा व्यास. सहा किलोच्या पाइपात आतला व्यास साधारण ७० मिलिमीटर भरतो आणि हिशेब आतल्या व्यासाचाच करायचा असतो.

या लाइनचाही एक कर्व्ह असतो. तो कुठल्याही पत्रकात छापलेला नसतो, कारण तो प्रत्येक शेताचा वेगळा. तो आपणच काढायचा.

त्याची सुरुवात २२ मीटरवर होते. लाइनमधून एक थेंबही वाहत नसला तरी पाणी हौदाच्या तोंडापर्यंत नुसते उभे करायला पंपाने २२ मीटर हेड द्यावेच लागते. ही उंची डिस्चार्जबरोबर बदलत नाही. पाणी वाहू लागले की त्यात घर्षणाची भर पडते, आणि ही भर मात्र झपाट्याने वाढते. डिस्चार्ज दुप्पट झाला की घर्षण दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स या अमेरिकी इंजिनिअरांनी दिलेले सूत्र अजून सर्रास वापरले जाते. त्याने हिशेब केला तर ७० मिलिमीटरच्या नव्या गुळगुळीत पाइपात सेकंदाला ७ लिटर पाणी वाहताना दर १०० मीटरला सुमारे ४.३ मीटर हेड खर्च होते. ५०० मीटरला झाले २१.४ मीटर. सूत्र लिहीत बसायची गरज नाही. पाइप कंपन्यांच्या तक्त्यांत हे आकडे तयार मिळतात. फूट व्हॉल्व्ह, बेंड, रिटर्न व्हॉल्व्ह यांचे ७ लिटरला दीडेक मीटर धरले.

दोन्ही कर्व्हचे आकडे शेजारी मांडू. सगळे मीटरमध्ये, पूर्णांकात.

| डिस्चार्ज (लिटर/सेकंद) | पंप देतो ते हेड | लाइन मागते ते हेड |
|---|---|---|
| ० | ४२ | २२ |
| २ | ४१ | २४ |
| ४ | ३९ | ३० |
| ५ | ३७ | ३४ |
| ६ | ३५ | ३९ |
| ७ | ३२ | ४५ |

पाच लिटरपर्यंत पंपाकडे लाइनच्या मागणीपेक्षा जास्त आहे. सहा लिटरला लाइन ३९ मागते आणि पंपाकडे ३५च आहेत. म्हणजे दोन्ही रेषा पाच आणि सहाच्या मधे एकमेकींना छेदतात. कागदावर काढल्या तर छेद ५.४ लिटर आणि ३६ मीटरवर येतो. हाच कामाचा बिंदू. या विहिरीवर, या पाइपवर हा पंप सेकंदाला ५.४ लिटर पाणी देणार. पाटीवरचे सात लिटर हौदात कधीच पडणार नाहीत, कारण सात लिटरला लाइन ४५ मीटर मागते आणि हा पंप व्हॉल्व्ह बंद असतानाही ४२च्या वर जात नाही.

पंप नेमका याच बिंदूवर का थांबतो, हे समजले की बाकीचे आपोआप कळते. समजा काही कारणाने पाणी पाच लिटरवर आले. तिथे पंप ३७ मीटर देतो आणि लाइनला ३४ पुरतात. उरलेले तीन मीटर पाण्याला पुढे ढकलतात, पाणी वेग घेते आणि डिस्चार्ज वाढतो. उलट पाणी सहा लिटरवर गेले तर लाइन पंपाच्या ताकदीपेक्षा जास्त मागते, पाण्याचा वेग मोडतो आणि डिस्चार्ज खाली येतो. दोन्ही बाजूंनी ढकलत ढकलत पंप काही क्षणांत छेदाच्या ठिपक्यावर येऊन स्थिर होतो. त्याला तिथे कोणी बसवावे लागत नाही आणि दुसरीकडे कुठे बसवताही येत नाही. पाणी वाढवायचे असेल तर दोनपैकी एक रेषा हलवावी लागते: पंपाची किंवा लाइनची.

इथेच बहुतेक जण चुकीच्या रेषेला हात घालतात. हौदात पाणी कमी पडते म्हटले की पहिला सल्ला मिळतो, ‘साडेसात एचपी बसव.’ बसवून बघू, कागदावर. साडेसात एचपीचा एक नेहमीचा पंप घेऊ: ९ लिटरला ३८ मीटर आणि शट-ऑफला ५० मीटर. त्याचा कर्व्ह त्याच अडीच इंची लाइनच्या कर्व्हवर टाकला तर छेद ६.७ लिटरवर येतो. मोटर दीडपट मोठी झाली आणि पाणी ५.४चे ६.७ झाले, म्हणजे जेमतेम पावपट वाढले. जास्तीची बरीचशी ताकद पाइपाच्या भिंतीवर घासण्यातच गेली.

आता जुना पाच एचपीचा पंप तसाच ठेवून पाइप तीन इंची, म्हणजे ९० मिलिमीटरचा टाकू. आतला व्यास ७० ऐवजी ८४ होतो. व्यास फक्त एक पंचमांशाने वाढला, पण घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलते. म्हणून ते पूर्वीच्या ४१ टक्क्यांवर येते. सात लिटरला आता पाइपात २१ नव्हे, नऊच मीटर जातात. बेंड-व्हॉल्व्हचे दीड आणि उंचीचे २२ मिळवले तर लाइन ३२ मीटर मागते, आणि सात लिटरला पंप ३२च देतो. छेद थेट पाटीवरच्या ठिपक्यावर आला. पाच एचपीचा पंप तीन इंची पाइपावर साडेसात एचपीच्या पंपाला मागे टाकतो.

उलट पैसे वाचवायला दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरचा पाइप घेतला असता तर तोच पंप ३.७ लिटरवर अडकला असता. एकच पंप, एकच विहीर, एकच हौद. पाइप बदलला की ३.७, ५.४ आणि ७. शेतीला थ्री-फेज वीज साधारण आठ तास मिळते असे धरले तर दिवसाचे पाणी अनुक्रमे एक लाख सात हजार, एक लाख ५५ हजार आणि दोन लाख लिटर होते. राज्यात २०२४पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे, त्यामुळे युनिटचा हिशेब कोणी फारसा करत नाही. पण आठ तास कोणालाच वाढवून मिळत नाहीत. जिथे बिल भरावे लागते, उदाहरणार्थ सोसायटीच्या किंवा गावाच्या पाणीयोजनेला, तिथे मात्र फरक खिशालाही जाणवतो. लाखभर लिटर पाणी हौदात टाकायला तीन इंची पाइपावर पाच एचपीच्या पंपाला साडेसतरा-अठरा युनिट लागतील. अडीच इंचीवर साडेसात एचपीच्या पंपाला २४च्या आसपास.

पाइप आधीच जमिनीत गाडलेला असेल तर तो उकरायलाच हवा असे नाही. त्याच्या शेजारून अडीच इंचीची आणखी एक लाइन टाकून दोन्ही टोके जोडली, तर प्रत्येक पाइपातून निम्मेच पाणी जाते आणि घर्षण पाव हिश्श्याच्या जरा वर येते. आपल्या उदाहरणात त्याने डिस्चार्ज साडेसात लिटरवर जाईल. पूर्ण लांबी परवडत नसेल तर अर्ध्या लांबीलाही दुसरी लाइन टाकता येते. फायदा त्या प्रमाणात कमी, पण मिळतो.

मोठा पाइप हे प्रत्येक दुखण्यावरचे औषध नाही, हेही याच आलेखावर दिसते. लाइन ६० मीटरच असेल आणि उंची २० मीटर, तर पाइपात जाणारे हेड मुळातच थोडे आहे. तिथे तीन इंची टाकून फार काही हाती लागणार नाही. जिथे उंचीच भारी आहे तिथे लाइनचा कर्व्ह वरून सुरू होतो आणि सपाट चालतो. तिथे पंप बदलण्यालाच अर्थ आहे. जिथे लांबी भारी आहे तिथे कर्व्ह खालून सुरू होऊन उभा चढतो; तिथे पाइप बदलावा. आपली अडचण कोणत्या जातीची आहे हे आधी बघावे.

उन्हाळ्यात हीच रेषा वर सरकते. एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी सहा मीटर खाली गेले, तर २२चे २८ मीटर होतात आणि लाइनचा पूर्ण कर्व्ह सहा मीटर वर उचलला जातो. छेद डावीकडे सरकून अडीच इंची लाइनवर ५.४चे ४.४ लिटर होतात. पंप ‘म्हातारा’ झाला म्हणून ज्याला याच दिवसांत दुकानात नेतात, त्यातले कित्येक पंप ठणठणीत असतात. पंपाखालचे सक्शन मात्र वेगळे सांभाळावे लागते. हवेचा दाब पाण्याला समुद्रसपाटीलाही जास्तीत जास्त १०.३ मीटर वर ढकलू शकतो आणि व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. पाणी त्याहून खाली गेले की पंप विहिरीत खाली उतरवावाच लागतो. डिलिव्हरीला कितीही ताकद असली तरी सक्शनची ही मर्यादा ओलांडता येत नाही.

आता अगदी उलटी बाजू. ‘हेड जास्त असलेला पंप घे, कमी पडायला नको,’ हा सल्ला ऐकून हाच पंप एखाद्याने ओढ्यावरून शेजारच्याच शेतासाठी बसवला. उंची सहा मीटर, पाइप ६० मीटर. इथे लाइन काहीच मागत नाही, तिचा कर्व्ह तळाशी लोळतो आणि छेद उजवीकडे ११ लिटरच्या पुढे, १६ मीटरवर जातो. पाणी धो धो पडते आणि मालक खूश होतो. पण सेंट्रिफ्यूगल पंपाला पाणी जसे जास्त तशी ताकद जास्त लागते. या टोकाला हा पंप मोटरकडे तिच्या ३.७ किलोवॅटपेक्षा जास्त मागू लागतो. स्टार्टर पुन्हा पुन्हा ट्रिप होतो, आणि ओव्हरलोडचे सेटिंग कोणी वाढवून ठेवले असेल तर मोटर रिवाइंडिंगला जाते. शिवाय एवढे पाणी इम्पेलरच्या तोंडाशी आत शिरताना तिथला दाब इतका पडतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढला की फुटतात. पंपात खडी फिरते आहे असा आवाज येतो. काही महिन्यांनी इम्पेलर उघडून पाहावा, तर पात्यांना देवी आल्यासारखे खड्डे पडलेले दिसतात.

अशा पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळला तर? बरेच जण म्हणतात, ‘व्हॉल्व्ह आवळू नको, मोटरवर लोड येईल.’ क्लॅम्प मीटर लावून बघा. व्हॉल्व्ह आवळत जाल तसा अँपियरचा आकडा उतरतो. आवळलेला व्हॉल्व्ह हा लाइनमधला वाढीव अडथळाच. तो लाइनचा कर्व्ह उभा करतो, छेद डावीकडे येतो, पाणी कमी होते आणि ताकदही कमी लागते. मोठे सेंट्रिफ्यूगल पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करतात आणि मग हळूहळू उघडतात, ते याचसाठी. फक्त पूर्ण बंद व्हॉल्व्हवर पंप बराच वेळ चालू ठेवू नये. आतले तेच पाणी घुसळून तापते आणि सील जाते. घरी टाकीवर पाणी चढवणाऱ्या अर्ध्या-एक एचपीच्या बऱ्याच छोट्या पंपांची रचना वेगळी असते आणि त्यांना व्हॉल्व्ह आवळला की ताकद उलट जास्त लागते. तिथे हा प्रयोग करू नये. आणि नेहमीसाठी व्हॉल्व्ह आवळून ठेवणे हा शेतीपंपावरही उपाय नव्हे. ते तयार केलेले हेड फेकून देणे आहे. कमी हेडचा पंप आणावा, हेच बरे.

सौर पंपांनी या आलेखाला आणखी एक हालचाल दिली आहे. सौर पंपाचा वेग उन्हाबरोबर बदलतो. वेग कमी झाला की पंपाचा कर्व्ह खाली आणि डावीकडे सरकतो: डिस्चार्ज वेगाच्या प्रमाणात घटतो, पण हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. आपला पंप सौर मोटरवर असता आणि सकाळी ८० टक्के वेगाने फिरत असता, तर त्याचे शट-ऑफ हेड ४२चे २७ मीटर झाले असते. २२ मीटर उंची तर तशीच आहे. छेद येतो अडीच लिटरवर. वेग २० टक्के घटला आणि पाणी निम्म्याहून कमी झाले. वेग ७२ टक्क्यांवर आला की शट-ऑफ हेड बरोबर २२ मीटर उरते आणि दोन्ही रेषा फक्त शून्यावर भेटतात. मोटर फिरते, पंपाचा आवाज येतो, हौदात थेंब नाही. सकाळी साडेआठला असे झाले की कंपनीला तक्रार जाते, पण पंप जे करायला हवे तेच करत असतो. म्हणून जास्त उंचीच्या जागी सौर पंप घेताना भर दुपारचा आकडा विचारून भागत नाही. सकाळी किती वाजता पाणी सुरू होईल, हेही विचारावे.

आपल्या विहिरीवर आज पंप कर्व्हवर कुठे चालतो आहे, हे तपासायला दोनच वस्तू लागतात: २०० लिटरचा ड्रम आणि डिलिव्हरीवर पंपाशेजारी बसवलेला प्रेशर गेज. हौदाच्या तोंडाशी ड्रम धरून मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजा. सात लिटरला तो २९ सेकंदांत भरतो, ५.४ला ३७ सेकंदांत आणि ३.७ला ५४ सेकंदांत. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्यावी. गेजवरच्या एक किलोला दहा मीटर धरा आणि त्यात पाण्याच्या पातळीपासून गेजपर्यंतची उभी उंची मिळवा. विहिरीतले पाणी गेजच्या पाच मीटर खाली असेल आणि गेज ३.१ किलो दाखवत असेल, तर एकूण हेड ३१ अधिक पाच, म्हणजे ३६ मीटर. डिस्चार्ज आणि हेड मिळाले की पत्रकावरच्या कर्व्हवर तो ठिपका पेन्सिलने टाका.

दोषाचा पत्ता हाच ठिपका सांगतो. तो कर्व्हवरच पडला पण अपेक्षेपेक्षा डावीकडे, तर पंप निर्दोष आहे आणि लाइन जड झाली आहे. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, चढावर अडकलेली हवा, पाइपात बसलेला गाळ, नंतर कोणी जोडलेला दोन इंची तुकडा, यांच्यामागे लागा. ठिपका कर्व्हच्या खाली पडला तर दोष पंपात किंवा सक्शनमध्ये आहे: झिजलेला इम्पेलर, फूट व्हॉल्व्हच्या जाळीत अडकलेला पाला, सक्शनच्या सांध्यातून शिरणारी हवा, किंवा फेज बदलल्यामुळे उलट फिरणारी मोटर. उलट फिरणारा पंपही थोडेफार पाणी देतो, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. पंप आणि सक्शन यांतला फरक कळायला व्हॉल्व्ह काही सेकंद पूर्ण बंद करून गेज वाचा. आपल्या पंपाला ते ३.७ किलो दाखवले पाहिजे, म्हणजे पाच मीटर मिळवून ४२. तेवढे दाखवले आणि तरीही चालू पाण्यात ठिपका खाली पडत असेल, तर सक्शन बघा. पाणी वाहत नसताना तुंबलेली जाळी काही अडवत नाही, म्हणून बंद व्हॉल्व्हवर तिचा दोष दिसत नाही. बंद व्हॉल्व्हवरही ३.१-३.२च आले, तर मोटरची दिशा तपासा आणि मग पंप खोला. ही चाचणी करण्याआधी पाइपाचा वर्ग बघून घ्यावा. चार किलोच्या जुन्या पाइपावर बंद व्हॉल्व्हचा दाब अजमावू नये, व्हॉल्व्ह पंपाशेजारीच असेल तरच ही चाचणी करावी.

दुकानात जाताना एचपी ठरवून जाऊ नका. कागदावर तीन आकडे लिहून न्या: उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून हौदाच्या तोंडापर्यंतची उंची, पाइपाची लांबी आणि त्याचा आतला व्यास. ठिबक असेल तर त्याला लागणारा दाबही लिहा, म्हणजे तो मीटरमध्ये उंचीत मिळवता येईल. दुकानदाराकडे पंपाचा कर्व्ह मागा आणि आपल्या लाइनचा कर्व्ह त्यावर त्याच्यासमोर काढा. छेद पाटीवरच्या ठिपक्याजवळ आला तर पंप घ्या. ज्या पंपाचा कर्व्ह दाखवता येत नाही, तो पंप घेऊ नका.